नफा अठरा लाख, मग पगारापुरतेही पैसे का उरले नाहीत?

प्रश्न : *शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. एका मोठ्या कंपनीला आम्ही यंत्रांचे सुटे भाग बनवून देतो. पोलाद आमचं, काम आमचं. गेल्या वर्षी महिन्याला १० लाखांचं काम होतं. ऑगस्टपासून कंपनीने ऑर्डर वाढवली आणि विक्री महिन्याला साडेसतरा लाखांवर गेली. त्यासाठी ३० लाखांचं नवं मशीन घेतलं, २४ लाख बँकेचं कर्ज आणि ६ लाख आमचे. सीए म्हणतात, यंदा १ कोटी ८० लाखांच्या विक्रीवर १८ लाख नफा झाला, चांगलं वर्ष गेलं. पण माझी अवस्था अशी की दिवाळीच्या बोनसला मेव्हण्याकडून ५ लाख हातउसने घेतले. ते फेब्रुवारीत फेडले, तर मार्चमध्ये पगारासाठी मंडळींचे दागिने तारण ठेवून ४ लाख उचलावे लागले. सीसीची २४ लाखांची मर्यादा पूर्ण भरली आहे, गेल्या मार्चला त्यात फक्त १० लाख उचललेले होते. खात्यातली साडेपाच लाखांची शिल्लकही संपली. भाऊ म्हणतो, एक तर सीएचा हिशेब चुकलाय, नाही तर आपल्या ऑफिसात कोणी तरी पैसे खातंय. कंपनी आता आणखी ५ लाखांचं काम देऊ करते आहे. घ्यावं का?*
*— एक वाचक, शिरोली (कोल्हापूर)*

उत्तर : आधी भावाची शंका दूर करू, कारण तिच्यामुळे घरात आणि ऑफिसात विनाकारण संशय वाढतो. तुम्ही पत्रासोबत पाठवलेला ताळेबंद आणि बँकेचे उतारे शेजारी ठेवून पाहिले. सीएंचा हिशेब बरोबर आहे आणि पैसे कोणी खाल्लेले नाहीत. गेलेला प्रत्येक रुपया कुठे आहे ते दाखवता येतं.

सीए नफा काढतात तो बिलावरून. ज्या दिवशी तुम्ही माल पाठवून बिल फाडलं त्या दिवशी विक्री झाली असं पुस्तक धरतं. कंपनी पैसे कधी देणार याच्याशी त्या नोंदीचा संबंध नाही. खर्चाचंही तसंच. विकलेल्या मालात जेवढं पोलाद गेलं तेवढंच खर्चात धरलं जातं. रॅकवर पडून असलेलं पोलाद खर्च नसून मालमत्ता मानलं जातं, जरी त्याचे पैसे तुम्ही केव्हाच चुकते केले असले तरी. धंदा किफायतशीर आहे की नाही हे समजायला हीच पद्धत योग्य आहे. १८ लाखांचा आकडा सांगतो की तुमचा दर बरोबर आहे, कामगार कामसू आहेत आणि भंगार फार निघत नाही. ७ तारखेला पगाराचे पैसे असतील की नाही, हे मात्र तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही.

ते सांगणारा वेगळा तक्ता असतो, रोकड प्रवाहाचं विवरण. मोठ्या कंपन्यांना तो द्यावा लागतो. तुमच्यासारख्या मालकी व्यवसायाला त्याची सक्ती नाही, म्हणून सीएंच्या फायलीत नफा-तोट्याचं पान असतं, ताळेबंदाचं पान असतं आणि हे तिसरं पान नसतं. ते आपण इथे करू. आकडे सोयीसाठी थोडे सरळ केले आहेत.

सुरुवात १८ लाखांच्या नफ्यापासून. त्यात ४ लाख मिळवायचे, कारण मशीनचा घसारा नफ्यातून वजा झाला असला तरी त्यापोटी खिशातून काही गेलेलं नाही. झाले २२ लाख. धंद्याने एवढी रोकड तयार करायला हवी होती.

आता येण्याकडे पाहा. कंपनी ९० दिवसांनी पैसे देते, म्हणजे कोणत्याही दिवशी तिच्याकडे तुमची तीन महिन्यांची बिलं अडकलेली असतात. गेल्या मार्चला ती १० लाखांची तीन बिलं होती. १८ टक्के जीएसटी धरून ३५ लाख ४० हजार. यंदाच्या मार्चला साडेसतरा लाखांची तीन बिलं, जीएसटीसह जवळपास ६२ लाख. म्हणजे एका वर्षात कंपनीकडची तुमची उधारी साडेसव्वीस लाखांनी वाढली. तुमचा सगळा नफा आणि घसाऱ्याचे पैसे मिळूनही हा आकडा भरत नाही.

त्याखेरीज काम वाढलं तसा पोलादाचा आणि अर्धवट तयार मालाचा साठा ६ लाखांवरून साडेदहा लाखांवर गेला. त्यात आणखी साडेचार लाख अडकले. उलट्या बाजूने पोलादवाल्याची १५ दिवसांची उधारी थोडी वाढली आणि मार्चचा जीएसटी एप्रिलमध्ये भरायचा असल्याने तोही हातात राहिला. दोन्ही मिळून ३ लाखांची सोय झाली. गोळाबेरीज अशी की वाढलेल्या धंद्यात २८ लाख रुतले आणि धंद्याने दिले २२ लाख. इथेच ६ लाखांची तूट पडली, आणि अजून तुमच्या घरात एक रुपयाही आलेला नाही.

पुढचे चार खर्च असे की त्यांतला एकही नफा-तोट्याच्या पानावर दिसत नाही. मशीनसाठी घातलेले स्वतःचे ६ लाख. कर्जाच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग सुमारे अडीच लाख. नफ्यातून वजा होतं ते फक्त व्याज, मुद्दल नाही. आयकर सुमारे १ लाख ७० हजार. आणि घरखर्चाला महिन्याला ६० हजारांप्रमाणे ७ लाख २० हजार. हा शेवटचा आकडा बरेच उद्योजक विसरतात. मालकी व्यवसायात मालकाचा पगार खर्च धरला जात नाही, त्यामुळे १८ लाख हा तुमचं घर चालण्याच्या आधीचा नफा आहे.

या चारांची बेरीज सुमारे साडेसतरा लाख. वरची तूट ६ लाख. एकूण साडेतेवीस लाख. आता तुम्ही हे भगदाड कशाने बुजवलं ते पाहा : सीसीतून जास्तीचे उचललेले १४ लाख, खात्यातली शिल्लक साडेपाच लाख आणि दागिन्यांवरचे ४ लाख. साडेतेवीस लाख. हिशेब रुपयाला रुपया जुळतो, भावाला हे दाखवा.

आता दिवाळीला एवढी ओढाताण का झाली ते सांगतो, कारण खरी शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे. साडेसतरा लाखांचं महिन्याचं काम उभं करायला पोलादाला जीएसटीसह ११ लाख ३६ हजार लागतात, पगार-वीज-टूल्स-वाहतूक मिळून ५ लाख, आणि बिलावरचा जीएसटी वजावट घेऊन सरकारला १ लाख ४२ हजार. म्हणजे महिन्याला पावणेअठरा लाख बाहेर जातात. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तीन महिने तुम्ही हा नवा खर्च केलात. पण त्या तीन महिन्यांत कंपनीकडून आलेले पैसे मे, जून आणि जुलैच्या बिलांचे होते, म्हणजे जुन्या विक्रीचे, महिन्याला ११ लाख ८० हजार. दर महिन्याला ६ लाखांचा फरक. त्याच सुमारास नव्या मशीनचे ६ लाख गेले होते, साठा वाढला होता, हप्ता सुरू झाला होता. तुम्ही सगळ्यात जास्त ताणले गेलात ते धंदा सगळ्यात वेगाने वाढत असताना.

जीएसटीबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मालाच्या विक्रीवरचा जीएसटी बिलाच्या तारखेवरून देय होतो. ऑगस्टच्या बिलाचा कर २० सप्टेंबरला भरावा लागतो आणि कंपनीकडून तो कर तुम्हाला मिळतो नोव्हेंबरमध्ये. दरम्यान कंपनीच्या वतीने तुम्ही सरकारला आगाऊ पैसे दिलेले असतात. भरायला उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागतं. पैसे कमी पडले की पहिल्यांदा जीएसटी पुढे ढकलायचा ही सवय अनेक कारखान्यांत दिसते. तिच्याइतकी महागडी उचल क्वचितच असते.

नोव्हेंबरपासून कंपनीचे साडेवीस लाख यायला लागले आणि महिन्याला थोडे पैसे उरू लागले. त्यातून हप्ता, घरखर्च, सीसीचं व्याज आणि आयकर काढला की सव्वा ते दीड लाख राहतात. या वेगाने साडेतेवीस लाखांचं भगदाड बुजायला अंदाजे दीड वर्ष लागेल, तेही विक्री आहे तेवढीच राहिली तर. ती वाढली की नवं भगदाड पडणार.

म्हणून तुमच्यासाठी एक आकडा काढून ठेवला आहे. ९० दिवसांची उधारी, महिनाभराच्या आतबाहेरचा साठा आणि पोलादवाल्याकडून १५ दिवसांची सवलत, या अटींवर तुमची मासिक विक्री १ लाखाने वाढली की सुमारे पावणेचार लाख रुपये कायमचे धंद्यात अडकतात. कायमचे म्हणजे विक्री त्या पातळीवर आहे तोवर. एक बिल वसूल होतं तेव्हा त्याच्या जागी दुसरं उभं राहिलेलं असतं. साडेसात लाखांची वाढ गुणिले पावणेचार म्हणजे अठ्ठावीस लाख. वर आपण तोच आकडा ताळेबंदातून काढला होता. जुलैत ऑर्डर घेताना हा गुणाकार केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की २४ लाखांची सीसी, तीही १० लाख वापरलेली, यासाठी पुरणार नाही.

आता उपाय. पहिला तुमच्या बँकेत आहे. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या छोट्या उद्योगांना वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल द्यावं असा नायक समितीचा निकष बँका वापरतात. तुमची २४ लाखांची मर्यादा १ कोटी २० लाखांच्या जुन्या विक्रीवर बसवलेली दिसते. आताच्या वेगाने वर्षाची विक्री २ कोटी १० लाख होते, म्हणजे ४२ लाखांची मागणी करायला जागा आहे. कंपनीच्या पर्चेस ऑर्डरी, सहा महिन्यांचे जीएसटी रिटर्न आणि वर केलेला तक्ता घेऊन मॅनेजरांना भेटा. एक मर्यादा लक्षात ठेवा. मंजूर मर्यादा वेगळी आणि दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरणारी उचल वेगळी. बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी त्यात धरत नाहीत. कंपनीच्या स्टोअरने माल तपासून जीआरएन काढायला आठवडा लावला आणि तिथून ९० दिवस मोजले, तर तुमची जुनी बिलं बँकेच्या हिशेबातून गळतात, आणि ज्या महिन्यात पैसे उशिरा येतात त्याच महिन्यात उचलही कमी होते. बिलाच्या तारखेऐवजी जीआरएनच्या तारखेपासून दिवस मोजले जातात का, हे तुमच्या ऑर्डरच्या अटींत आजच वाचा.

दुसरा उपाय कायद्याचा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ऑर्डरवर ९० दिवस छापले असले तरी ४५ दिवसांच्या पुढची अट टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. तुम्ही आकारमानाने सूक्ष्म गटात बसता, पण हा हक्क मिळवायला उद्यम नोंदणी माल पाठवण्याच्या आधीची हवी. नसेल तर ती या आठवड्यात करा. फुकट होते, आधार आणि पॅनवर.

तुम्ही म्हणाल, एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध सुविधा परिषदेत तक्रार कोण करणार? हे खरं आहे आणि मीही तसा सल्ला देणार नाही. पण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या नियमांत एक बदल झाला आहे, त्याचा उपयोग न भांडता होतो. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाची बिलं या मुदतीत चुकती केली नाहीत, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. वर्षअखेरीला थकलेल्या बिलांवर कंपनीचा कर वाढतो. त्यामुळे कंपनीच्या अकाउंट्स विभागात सूक्ष्म पुरवठादारांची वेगळी यादी ठेवलेली असते. त्या यादीत तुमचं नाव असायला हवं. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, प्रमाणपत्राची प्रत कंपनीला पोच घेऊन द्या. मागणी करायची नाही, पत्राची भाषाही साधीच ठेवायची. व्यापाऱ्याला मात्र या ४५ दिवसांच्या तरतुदीचा फायदा मिळत नाही, हे तुमच्या ओळखीच्या ट्रेडिंगवाल्यांना सांगून ठेवा.

तिसरा उपाय मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो : ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे ऑनलाइन मंच आहेत. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यांतली नावं. तुम्ही बिल तिथे चढवता, कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात, आणि व्याज वजा होऊन पैसे तुमच्या खात्यात येतात. मुदत संपल्यावर कंपनी त्या बँकेला पैसे देते. दर ठरतो कंपनीच्या पतीवर, तुमच्या पतीवर नाही, आणि कंपनीने पैसे बुडवले तर बँक तुमच्याकडे परत येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी करणं बंधनकारक आहे. नोंदणी असणं आणि तुमचं बिल मान्य करणं यांत फरक आहे. मान्यता देण्याची सक्ती नाही. म्हणून खरेदी विभागातल्या माणसाशी बोलावं लागेल. खर्च किती? तुमचं २० लाख ६५ हजारांचं बिल ७५ दिवस आधी वटवलं आणि दर समजा ९ टक्के पडला, तर सुमारे ३८ हजार. हे पैसे नफ्यातून जातील, ते मी लपवत नाही. त्या बदल्यात कंपनीकडे अडकलेल्या ६२ लाखांतले पन्नासेक लाख मोकळे होतात आणि सीसीचं, दागिन्यांच्या कर्जाचं व्याज वाचतं.

चौथी गोष्ट उपायापेक्षा सवयीची. भिंतीवर किंवा वहीत पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता करा. प्रत्येक आठवड्याला कोणत्या बिलाचे पैसे येणार आणि काय जाणार : ७ तारखेला पगार, १५ ला भविष्य निर्वाह निधी, २० ला जीएसटी, बँकेचा हप्ता, वीजबिल, पोलादवाला. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला आगाऊ आयकर. बिलाच्या पुढे कंपनीने कबूल केलेली तारीख लिहू नका. गेल्या सहा बिलांचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले ते काढून तो आकडा लिहा. कोणत्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते ते दोन महिने आधी दिसेल. दोन महिने आधी बँकेकडे गेलं तर बोलणी करता येतात. पगाराच्या आदल्या दिवशी उरतात फक्त दागिने.

धोक्याची खूण ओळखायची असेल तर सीसीच्या उताऱ्याकडे पाहा. निरोगी खात्यात महिन्यातून एकदोनदा तरी पैसे भरल्यावर उचल खाली येते आणि पुन्हा चढते. तुमच्या खात्यात मार्चअखेर ती मर्यादेला चिकटून राहिली आहे. अशा वेळी एक बिल आठ दिवस उशिरा आलं तरी पगार थांबतो, नफा कितीही असो.

आता नव्या ५ लाखांच्या कामाचं. आजच्या अटींवर त्यात पावणेएकोणीस लाख अडकतील आणि ते तुमच्याकडे नाहीत, बँकेची मर्यादा वाढली तरी ती आधीचं भगदाड सावरण्यातच जाईल. तेव्हा या अटींवर हे काम घेऊ नका. कंपनीपुढे दोन पर्याय ठेवा. एक, तुमची बिलं ट्रेड्सवर पंधरा दिवसांच्या आत मान्य करावीत. मग याच कामाला ४ लाखांच्या आसपास पुरतील. दोन, या वाढीव कामाचं पोलाद कंपनीनेच द्यावं आणि तुम्ही फक्त जॉबवर्क करावं; विक्रीचा आकडा आणि थोडा नफा कमी दिसेल, पण तुमचा सगळ्यात मोठा आगाऊ खर्च जाईल. दोन्हींपैकी एक गोष्ट लेखी मिळाली तर काम जरूर घ्या. नाही मिळाली तर दागिने सोडवून सीसी खाली येईपर्यंत नम्रपणे नकार द्या.